पेरणी यंत्राची चकती फ्रीकॅडमध्ये: एक खाच काढा, चोवीस मिळवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मृग लागला की गेट-ग्रिलची कामं बाजूला पडतात आणि दुकानासमोर तिफनी अन् प्लांटर उभे राहतात. त्यात ठरलेला आजार म्हणजे बियाण्याची चकती तुटणं. नवी चकती ऐन पेरणीत मिळत नाही आणि मिळालीच तर दुसऱ्याच मापाची निघते. म्हणून मी मोजमाप घेऊन चकती कॉम्प्युटरवर काढायला आणि लेसरवर कापून आणायला शिकलो. पहिल्या चकतीला माझे तीन दिवस गेले, आता चहा थंड व्हायच्या आत होते. मधल्या काळात काय चुकलं आणि काय सुधारलं, ते इथे लिहितो. आयटीआयची पोरं आणि माझ्यासारखे दुकानवाले, ज्यांनी फ्रीकॅड नुकतंच उघडलंय, त्यांच्यासाठी हे आहे. `Body`, `Sketch` आणि `Pad` एवढं एकदा तरी करून पाहिलंय असं धरून चालतो.

उदाहरण एकच घेऊ. माझ्याकडे आलेली सोयाबीनची चकती बाहेरून १६० मिमी, जाडी ५ मिमी, मधलं भोक ३० मिमी. मधल्या भोकाभोवती खुंट्यांसाठी ८.५ मिमीची तीन भोकं आणि काठावर २४ खाचा. प्रत्येक खाच १० मिमी रुंद, ८ मिमी खोल, तळाशी गोल. तुमच्या यंत्राची मापं वेगळी असतील, ती तुमच्याच चकतीवरून घ्या.

काय काय लागेल

- फ्रीकॅड १.० किंवा त्यापुढचं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं.
- चाक असलेला माउस. टचपॅडवर स्केच काढणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.
- व्हर्नियर कॅलिपर.
- जुनी चकती, तुटकी असली तरी चालेल. आधी घासून साफ करा, खाचेत बसलेली माती अर्धा मिमी सहज खाते.
- वही आणि पेन.

## १. आधी मोजा, आणि जसं मोजलं तसंच लिहा

बाहेरचा व्यास मोजायला सोपा. खाचा २४, म्हणजे सम संख्या असल्यानं एका दातासमोर बरोबर दुसरा दात येतो. व्हर्नियर दातावरून दातावर लावा. खाचा विषम असतील तर दातासमोर खाच येते आणि माप कमी दिसतं, तेव्हा तसं मोजू नका.

खुंट्यांच्या तीन भोकांनी मला पहिल्यांदा फसवलं. ही भोकं ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास हवा असतो, पण तीन भोकांत कोणतंच भोक कोणासमोर नसतं. व्हर्नियर लावणार कुठे? मी मधल्या भोकाच्या काठापासून अंदाज घेतला आणि दीड मिमीनं चुकलो. चकती खुंट्यांवर बसलीच नाही.

खरी रीत अशी: शेजारच्या दोन भोकांच्या लांबच्या कडांमधलं अंतर मोजा. माझं आलं ६०.४६. त्यातून एका भोकाचा व्यास ८.५ वजा केला की दोन केंद्रांमधलं अंतर मिळतं, ५१.९६. वहीत हेच लिहा. त्यावरून वर्तुळाचा व्यास काढायचं गणित आहे, ५१.९६ गुणिले १.१५४७, म्हणजे ६०. पण ते करायची गरजच पडत नाही, का ते तिसऱ्या पायरीत दिसेल.

## २. कन्स्ट्रक्शन रेषा म्हणजे गवंड्याची दोरी

भिंत बांधताना गवंडी दोरी ताणतो. भिंत दोरीच्या आधारानं उठते, पण दोरी काही भिंतीत राहत नाही. स्केचमधल्या कन्स्ट्रक्शन रेषेचं काम नेमकं हेच. तिच्यावर बिंदू टेकवता येतात, तिला माप देता येतं, तिच्याभोवती सममिती लावता येते. पण `Pad` किंवा `Pocket` करताना फ्रीकॅड तिच्याकडे बघतही नाही, आणि स्केच एक्स्पोर्ट केलं तरी ती फाइलमध्ये जात नाही.

साधी रेषा कन्स्ट्रक्शन करायची तर ती निवडा, मग `G` आणि लगेच `N` दाबा. ती निळी होते. पुन्हा तेच केलं की परत साधी.

इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडलोय.

पहिला: काहीच न निवडता `G` `N` दाबलं तर अख्खी रेखाटनाची तऱ्हाच बदलते आणि त्यापुढे काढाल ती प्रत्येक रेषा कन्स्ट्रक्शन होते. टूलबारवरची चित्रं निळी झाली की समजा, तुम्ही त्या तऱ्हेत आहात. तसंच काम पुढे रेटलं तर स्केच दिसायला झकास, पण `Pad` द्यायला गेलं की चूक दाखवतो, कारण त्याच्या लेखी स्केचमध्ये काहीच नाही.

दुसरा खड्डा महागाचा. भोकं बसवायला मी ६० मिमीचं आधारवर्तुळ काढलं आणि ते कन्स्ट्रक्शन करायला विसरलो. स्केच तसंच डीएक्सएफ करून लेसरवाल्याकडे पाठवलं. मशीनला काय, रेघ दिसली की कापायची! चकतीच्या मधून ६० मिमीची टिकली निघून हातात आली आणि खुंट्यांची भोकं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. त्या माणसाची काही चूक नव्हती, फाइल माझी होती. तेव्हापासून स्केच बंद करण्याआधी एकच गोष्ट बघतो: जी रेघ कापायची नाही ती निळी आहे ना?

## ३. पहिलं स्केच: चकती आणि खुंट्यांची भोकं

`XY_Plane` वर नवं स्केच उघडा. मूळबिंदूवर केंद्र धरून दोन वर्तुळं काढा, एकाला व्यास १६०, दुसऱ्याला ३०. केंद्र मूळबिंदूला चिकटलं की नाही ते वर्तुळ ओढून बघा. सरकलं तर चिकटलेलं नाही.

आता तीन भोकं. नवशिक्या माणूस तीन वर्तुळं काढतो आणि प्रत्येकाला आडवं, उभं, कोनाचं माप देत बसतो. त्यापेक्षा बहुभुजाचं साधन घ्या, तीन बाजूंचं, आणि मूळबिंदूवर केंद्र ठेवून समभुज त्रिकोण काढा. फ्रीकॅड तिन्ही बाजू आपोआप सारख्या करतं आणि टोकांमधून जाणारं एक वर्तुळही देतं. ते वर्तुळ आधीच कन्स्ट्रक्शन असतं, पण त्रिकोणाच्या तीन बाजू साध्या असतात. त्या निवडून `G` `N` करा. हे विसरलात तर मागची टिकली आठवा.

त्रिकोणाचं वरचं टोक उभ्या अक्षावर टेकवा. आता एका बाजूला लांबीचं माप द्या: ५१.९६. हे तेच माप, जे व्हर्नियरनं दिलं होतं. ६० मिमीच्या वर्तुळाचा हिशोब त्रिकोण स्वतः करतो. मला कन्स्ट्रक्शन रेषांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. हाताला जे माप मिळतं तेच स्केचमध्ये लिहिता येतं, मध्ये गणित करून चुकायला जागाच उरत नाही.

तिन्ही टोकांवर एकेक वर्तुळ काढा, केंद्र टोकाला चिकटवून. तिन्ही वर्तुळं निवडा आणि `E` दाबून सारखी करा. मग एकालाच ८.५ व्यास द्या. बाजूच्या पट्टीत `Fully constrained` दिसलं पाहिजे आणि साध्या रेषा हिरव्या झाल्या पाहिजेत. नसेल तर तिथे मोकळीक किती उरली ते `DoF` या आकड्यात दिसतं. तो आकडा निळ्या अक्षरात असतो, त्यावर टिचकी मारली की कोणत्या रेषा अजून सैल आहेत ते दिसतं.

खरं तर हाही एक पॅटर्नच झाला. पॅटर्नचं कोणतंही साधन वापरलं नाही, तरी तीन भोकं १२० अंशांवर पक्की बांधली गेली. चार किंवा सहा बोल्टच्या फ्लँजलाही हीच युक्ती, फक्त बहुभुजाच्या बाजू बदलतात.

१६० च्या मापाला एक नाव देऊन ठेवा, पुढे लागेल. मापावर दोनदा टिचकी मारा आणि नावाच्या चौकटीत `OD` लिहा. स्केच बंद करा आणि ५ मिमीचं `Pad` द्या. आतली वर्तुळं आपोआप भोकं होतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

## ४. दुसरं स्केच: एकच खाच, सममितीनं

पुन्हा `XY_Plane` वर नवं स्केच. वरच्या बाजूला, उभ्या अक्षाच्या आसपास, इंग्रजी यू अक्षरासारखी खाच काढायची आहे: डावी बाजू, तळाचा कंस, उजवी बाजू आणि वरून बंद करणारी रेषा. वरची रेषा चकतीच्या काठाच्या बाहेर जाऊ द्या. बाहेर हवाच आहे, तिथे कापायला काही नाही. काठावरच नेमकी संपवायला गेलात तर काठ गोल आणि रेषा सरळ, त्यामुळे मध्ये पातळ पापुद्रा राहतो.

आकार ओबडधोबड काढा, चालेल. आता बांधणी, या क्रमानं:

दोन्ही बाजूंना `V` लावून उभं करा. कंस दोन्ही बाजूंना जिथे मिळतो ती टोकं निवडून `T` लावा, म्हणजे कंस बाजूंमध्ये गुळगुळीत मिसळतो. मग वरच्या रेषेचं डावं टोक, उजवं टोक आणि शेवटी उभा अक्ष, या क्रमानं निवडा आणि `S` दाबा. ही सममिती. अक्ष शेवटी निवडायचा, कारण फ्रीकॅड शेवटच्या रेषेला आरसा धरतं.

या एका `S` मध्ये दोन कामं झाली. दोन्ही टोकं अक्षापासून सारख्या अंतरावर आली, आणि वरची रेषा आडवीही झाली. दोन बिंदू उभ्या आरशाच्या समोरासमोर असतील तर त्यांना जोडणारी रेषा आडवीच असणार. म्हणून तिला वेगळं `H` लावायचं नाही. लावलं, किंवा काढतानाच फ्रीकॅडनं आपणहून लावलं, तर पट्टीत तांबड्या-नारिंगी अक्षरात `redundant` अशी तक्रार येते. नवीन माणूस इथे घाबरतो आणि अख्खं स्केच पुसतो. पुसू नका. तक्रारीचा अर्थ एवढाच की तीच गोष्ट दोनदा सांगितली. यादीतून `H` तेवढं काढून टाका.

उलट चौकोनासाठी दुसरी पद्धत सोपी. चौकोनाच्या बाजू आधीच आडव्या-उभ्या बांधलेल्या असतात, म्हणून तिथे समोरासमोरचे दोन कोपरे आणि मूळबिंदू निवडून `S` दाबा. एका फटक्यात चौकोन बरोबर मध्ये येतो, तक्रार नाही, आणि उरतात फक्त लांबी-रुंदी.

परत खाचेकडे. रुंदी १० द्या, दोन्ही बाजूंमध्ये आडवं माप. बाजू अर्ध्या-अर्ध्या मोजून ५ आणि ५ देऊ नका. उद्या रुंदी ११ करायची झाली तर एक बदलाल, दुसरी विसराल आणि खाच वाकडी होईल. सममिती असली की एकच आकडा बदलायचा.

खोलीचं काय? आपण मोजलेली खोली काठापासून ८ मिमी आहे, केंद्रापासून नाही. कंसाचं केंद्र मूळबिंदूपासून ७७ वर हवं, हे वजाबाकीनं काढता येतं: ८० वजा ८ अधिक ५. पण पुन्हा तेच, गणित का करायचं? मूळबिंदूवर एक कन्स्ट्रक्शन वर्तुळ काढा आणि त्याच्या व्यासाच्या चौकटीत आकडा न लिहिता हे लिहा:

```
=Sketch.Constraints.OD
```

`Sketch` हे पहिल्या स्केचचं नाव. तुम्ही वेगळं स्केच वापरलं असेल तर त्याचं नाव लिहा. आता बाहेरचा व्यास फक्त एकाच ठिकाणी बदलायचा. मग उभ्या अक्षावर एक छोटी कन्स्ट्रक्शन रेषा काढा, वरचं टोक या वर्तुळावर, खालचं टोक कंसाच्या तळावर, आणि दोन्ही टोकं अक्षावर. तिची लांबी ८. झालं, खोली बांधली गेली.

इथे एक बारीक अडचण येते. बिंदू कंसावर टेकवला की फ्रीकॅड त्या कंसाला पूर्ण वर्तुळ समजतं. खालचं टोक तळाला न बसता त्याच वर्तुळाच्या वरच्या अंगाला जाऊन बसू शकतं, आणि खाच भलत्याच खोलीवर सरकते. हिरवा रंग मात्र दिसतोच, कारण बांधणी पूर्ण असते. म्हणून ती रेषा काढतानाच तळाजवळ काढा आणि शेवटी डोळ्यांनी बघा.

शेवटचं माप, वरच्या रेषेची उंची मूळबिंदूपासून ८५. आता मोकळीक शून्य.

## ५. `Pocket`, आणि ते का कापत नाही

`Pocket` घ्या आणि आरपार, `Through all`. बहुतेकांचं इथे अडतं. आपण `Pad` वर उचललं आणि दुसरं स्केच तळाच्या पातळीवर आहे, पण `Pocket` सवयीनं खाली कापतं. खाली काहीच नाही, म्हणून चूक दाखवतं किंवा चकती जशीच्या तशी राहते. `Reversed` वर खूण करा, खाच पडेल.

## ६. पॅटर्न कुठे लावायचा?

आता एका खाचेच्या चोवीस करायच्या. दोन वाटा आहेत आणि मी आधी चुकीची धरली.

पहिली वाट स्केचच्या आतली. खाचेच्या रेषा निवडून फिरवून प्रती करायचं साधन स्केचमध्येच आहे. मी तेच वापरलं. एका खाचेला चार रेघा, म्हणजे २४ खाचांच्या ९६. स्केच पूर्ण चकतीचं करायचं तर काठाचे तुकडे कापून जोडणं वेगळंच. एक रेघ ओढली की लॅपटॉप विचार करत बसायचा. त्याहून वाईट म्हणजे फिरवलेल्या प्रती मूळ खाचेला कोनानं बांधलेल्या नव्हत्या. चुकून माउस लागला की एखादी खाच हळूच सरकायची, आणि ते पेरणीच्या वेळी वावरात कळायचं.

दुसरी वाट: स्केच एकाच खाचेचं ठेवा आणि पॅटर्न घन वस्तूवर लावा. डावीकडच्या झाडात `Pocket` निवडा, `Part Design` मेनूतून `PolarPattern` घ्या. अक्ष `Normal sketch axis`, म्हणजे मूळबिंदूतून चकतीला काटकोनात जाणारा. कोन ३६०, `Occurrences` २४. हा आकडा मूळ खाच धरून असतो, त्यामुळे २३ लिहायची गरज नाही.

दोन्ही वाटांतला फरक मला आठवड्यानं कळला. शेजारच्या गावचे एक भाऊ आले, तशीच चकती त्यांना १८ खाचांची हवी होती. स्केचमधल्या पॅटर्नमध्ये सगळं पुसून पुन्हा काढावं लागलं असतं. इथे २४ च्या जागी १८ लिहिलं, चकती तयार.

माझा नियम असा बसलाय: नग सहापर्यंत असतील आणि संख्या कधी बदलणार नसेल, जसे खुंटे आणि बोल्ट, तर स्केचमध्येच कन्स्ट्रक्शन बहुभुजावर बसवा. त्याहून जास्त किंवा संख्या बदलू शकत असेल तर एकच नग स्केचमध्ये काढा आणि पॅटर्न बाहेर लावा. अँगल पट्टीवरच्या भोकांच्या रांगेलाही हेच, तिथे `LinearPattern`.

## ७. कापायला देण्याआधी

दोन खाचांमधल्या दाताची रुंदी स्क्रीनवर मोजा. या मापांत काठावर ती १०.९ मिमी यायला हवी. जुन्या चकतीच्या दाताला व्हर्नियर लावा आणि जुळवा. खाचांची संख्या, व्यास किंवा रुंदी यांपैकी काहीही चुकलं असेल तर ते या एकाच मापात उघडं पडतं. १८ खाचांना दात साहजिकच रुंद येतो, तिथे हा आकडा लावू नका.

लेसरसाठी सपाट फाइल लागते. `Draft` मध्ये जाऊन वरून बघत असताना `Body` निवडा आणि `Shape 2D View` करा. निघालेली आकृती निवडून `File`, `Export`, आणि प्रकार डीएक्सएफ. ती फाइल रिकाम्या फ्रीकॅडमध्ये पुन्हा उघडून व्यास मोजा. १६० आला तर एकक बरोबर आहे. लेसरची धार किती खाते ते आपण स्केचमध्ये धरायचं नाही. ती वजावट कापणारा त्याच्या मशीनवर करतो, दोघांनीही केली तर खाच बिघडते. एकदा फोनवर विचारून घ्या.

पहिला नग ५ मिमीच्या ॲक्रिलिकचा करून बघा. पीव्हीसीचा तुकडा घरी पडलाय म्हणून तो घेऊन जाऊ नका, लेसरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो आणि शहाणा लेसरवाला तो हातातही घेणार नाही.

चकती आली की वावरात नेण्याआधी दुकानातच बसवा. पेटीत बियाणं भरा, चाक हातानं फिरवा आणि खाली पडणारे दाणे मोजा. २४ खाचांची चकती एक पूर्ण फेरा फिरली की २४ च्या आसपास दाणे पडले पाहिजेत. जोडीनं पडत असतील तर खाच तुमच्या बियाण्याला मोठी आहे. दुसऱ्या स्केचमधलं १० चं माप ९ करा आणि फाइल पुन्हा काढा. खाचा सगळ्या एकदम बदलतील आणि अक्षावरच राहतील. कंसाचा गोलपणाही बाजूंबरोबर आपोआप लहान होतो, त्याला वेगळं माप आपण दिलेलंच नाही.